घरात कुत्रा असेल तर फाटक, धुण्याची जागा आणि फरशी कशी करावी

घराचा नकाशा काढताना आपण माणसांच्या येण्याजाण्याचा विचार करतो. कुत्रा पाळायचा असेल तर त्याचीही एक वाट कागदावर आखून घ्यावी. फाटकातून आत, तिथून पाय धुण्याची जागा, मग अंग वाळवायला ओटा आणि शेवटी घराचं दार. हा क्रम चुकला की पावसाळ्यात सोलापूरची काळी चिकट माती थेट हॉलमध्ये येते. मी घरं बांधून देतो. जुळे सोलापुरात ३० बाय ४० च्या प्लॉटवर एका कुटुंबाचं घर केलं, त्यांच्याकडे राणी नावाची कारवानी जातीची कुत्री आहे. उदाहरण म्हणून तेच घर घेतो.

फाटकापासून सुरुवात करा

कुत्रं हरवतं ते बहुतेक वेळा फाटक उघडं असलेल्या दोन सेकंदांत. दूधवाला येतो, पोरं सायकल आत घेतात आणि ते निसटतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम सुरू झालं की घाबरलेलं जनावर वाट दिसेल तिकडे धावतं. म्हणून एका फाटकावर भिस्त ठेवू नका. राणीच्या घरी रस्त्याकडच्या फाटकाच्या आत चार फूट जागा सोडून दुसरं छोटं फाटक बसवलं. घरातल्यांना नियम एकच घातला: एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

फाटक बनवायला देताना फॅब्रिकेटरला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. गजांमधलं अंतर दोन इंचांपेक्षा जास्त नको. पिल्लू किंवा मांजर असेल तर खालच्या दोन फुटांना बारीक जाळी मारून घ्या. फाटकाखाली फट दोन इंचांहून मोठी नको आणि तिथे मातीऐवजी काँक्रीटची पट्टी हवी, नाहीतर कुत्रं उकरून बाहेर पडतं. तिसरी गोष्ट, वरचे भाले काढून टाका. उडी चुकली तर कुत्र्याच्या पोटात ते घुसतात. कारवानी पाच फुटांची भिंतही ओलांडू शकते, म्हणून इथे भिंतीवर दीड फूट जाळी आतल्या बाजूला झुकवून लावली. साधी आडवी कडी कुत्रं नाकानं सरकवायला शिकतं, तेव्हा कडीत अडकणारी पिन जरूर घ्या.

धुण्याची जागा

ही जागा बाथरूममध्ये नको, मागच्या किंवा बाजूच्या दाराजवळ हवी. राणीसाठी बाजूच्या मोकळ्या पट्टीत तीन बाय चार फुटांचा चौकोन घेतला. कडेला चार इंचांची बांधणी केली आणि भिंतीला चार फुटांपर्यंत टाइल लावली, कारण ओलं कुत्रं अंग झाडतं तेव्हा पाणी तिथवर उडतं. छोट्या जातीचं कुत्रं असेल तर अडीच फूट उंच ओटा करा, तुमची कंबर वाचेल. मोठ्या कुत्र्याला मात्र उचलायला लागू नये, ते जमिनीवरच धुवा.

सगळ्यात जास्त लक्ष उताराकडे द्या. एका मीटरला दीड सेंटीमीटर उतार पाणी जायच्या जाळीकडे हवा आणि जाळी दारापासून लांबच्या कोपऱ्यात हवी. आमच्या गवंड्यानं पहिल्यांदा उतार नेमका दाराकडे दिला होता. फरशी बसली तेव्हा डोळ्यांना काही कळलं नाही. सांधे भरण्याआधी एक बादली पाणी ओतलं, तेव्हा ते उंबऱ्याशी साचलं. दोन फरश्या उखडून पुन्हा बसवल्या. ही बादलीची परीक्षा सांधे भरायच्या आधीच घ्यायची आणि पाच मिनिटांनी कुठे डबकं राहिलं का ते बघायचं. नंतर चूक सापडली तर अख्खी फरशी काढावी लागते.

केसांनी नळी तुंबते हे ठरलेलं आहे. म्हणून वरून उचलता येईल अशी बारीक स्टीलची जाळी बसवा आणि प्रत्येक आंघोळीनंतर तीतले केस काढा. पाणी जायला वेळ लागू लागला की समजा, केस जाळीच्या खाली उतरलेत.

आता पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाइप सोडून धुणं परवडत नाही. त्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी एवढं तापतं की हात धरवत नाही. राणीच्या घरच्या वहिनींनी पहिल्याच उन्हाळ्यात फोन केला, "दादा, नळ सोडला की राणी ओरडत पळतीय. काय झालंय बघा ना!" नळाखाली हात धरला तेव्हा कळलं. मग त्या चौकोनाशेजारी सावलीत २०० लिटरचा झाकणाचा ड्रम ठेवला. पाणी येईल त्या दिवशी तो भरायचा आणि तांब्यानं अंघोळ घालायची. तीन बादल्यांत राणीचं काम होतं. पाय धुवायला अर्धी बादली पुरते.

धुऊन झालं की शेजारच्या सावलीतल्या ओट्यावर तिला पुसायचं आणि मग आत घ्यायचं. ओली कुत्री मोकळी सोडली तर मातीत लोळणारच.

आतली आणि बाहेरची फरशी

चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल कुत्र्याला घातक आहे. नखांना पकड मिळत नाही, मागचे पाय फाकतात आणि वय वाढलं की कंबरेचं दुखणं बळावतं. तुमचं कुत्रं वळताना घसरतं का, कोपऱ्यावर दबकून चालतं का, बघा. नवीन फरशी घेताना मॅट फिनिश मागा. ओल्या जागी आर-११ दर्जाची पकड असलेली घ्या. फरशी आधीच बसलेली असेल तर कुत्र्याच्या नेहमीच्या वाटेवर रबरी तळाची सतरंजी अंथरली तरी फरक पडतो. कारवानीच्या अंगावर मांस कमी असतं, कडक जमिनीवर बसून कोपरांना घट्टे पडतात, तिला गादी द्याच.

सांध्यांत साधं सिमेंट भरलं की मूत्र त्यात मुरतं आणि वास जात नाही. आत इपॉक्सी भरा. महाग पडतं, पण एवढ्या एका ठिकाणी खर्च करावा असं माझं मत आहे. बाहेर खडबडीत शहाबादी चांगली, पण ती चुनखडीचा दगड आहे. तिच्यावर अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर टाकलं की पृष्ठभाग खातं. काळं फिनाइलही नको, कुत्र्याला आणि त्याहून जास्त मांजराला ते विषारी ठरतं. साबणाचं पाणी आणि भरपूर घासणं पुरे.

शहाबादी उन्हात तव्यासारखी तापते. हाताची मागची बाजू फरशीवर पाच सेकंद टेकवून बघा. ठेववत नसेल तर तिथे कुत्र्याला चालवू नका. राणीच्या अंगणात ओट्यापासून फाटकापर्यंत वर सावलीला हिरवी जाळी टाकली, तिथे दुपारीही पाय भाजत नाहीत.

अंगण

सोलापुरात कुंपणाला कण्हेर हमखास असते. तिचं पान, फूल, खोड सगळंच विषारी आहे, तेव्हा ती काढून टाका. पिवळी बिट्टीही तशीच. जमिनीतल्या टाकीचं झाकण कडीबंद असू द्या. गच्चीचा कठडा साडेतीन फुटांचा असला तरी कारवानीला एकटं वर सोडू नका.

भिंतीतल्या भेगाही बुजवा. रक्त पिऊन फुगलेली गोचीड अंगावरून उतरते आणि अशाच फटीत हजारो अंडी घालते. नुसत्या कुत्र्याला औषध लावून ती जात नाही. राणीच्या घरी मागच्या भिंतीचा गिलावा सुटला होता, तिथे पुन्हा प्लास्टर करून गुळगुळीत केलं. दर पंधरा दिवसांनी वहिनी टॉर्च घेऊन तो कोपरा आणि ओट्याखालची फट बघतात.