टाळीवर बसेल तेच घोषवाक्य

सोलापुरातल्या शाळेत एकाच गटात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू घरांतली मुलं असतात. त्यामुळे गटाचं घोषवाक्य लिहिताना सगळ्यांच्या कानावरून गेलेले साधे शब्द घ्या.

समजा पहिला मसुदा असा आहे: ‘आम्ही मर्द मावळे, विजयश्री खेचून आणणारे’. कागदावर जोरकस वाटतं, पण ‘मर्द’ म्हटलं की गटातल्या मुली बाहेर राहतात. ‘विजयश्री’तलं जोडाक्षर शंभर तोंडांतून एकदम निघताना चिरडतं. शिवाय सामना हरत असताना हे ओरडायचं कसं?

आता हे बघा:
हात देऊ, साथ देऊ
पुढे पुढे सारे जाऊ

प्रत्येक शब्दाला एक टाळी, म्हणजे ओळीला चार. शेवटी ‘ऊ’ हा दीर्घ स्वर आहे, तो मैदानावर हवा तितका लांबवता येतो. ‘देऊ’, ‘जाऊ’ ही रूपं मुलगा-मुलगी दोघांनाही सारखीच. मागे पडलेल्या गटालाही ते शोभतं, आणि ही कसोटी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पहिली ओळ गटप्रमुखाने म्हणायची, दुसरी सगळ्यांनी; म्हणजे श्वास घ्यायला उसंत मिळते.

ठरवण्याआधी सर्वांत लहान वर्गातल्या मुलांना फक्त ऐकवून, टाळ्यांसह लागोपाठ पाच वेळा म्हणायला लावा. सगळे एकाच जागी अडखळले, तर तिथला शब्द बदला. मुलांना ‘पाठ करून या’ सांगू नका.