प्रोबेशनचं कन्फर्मेशन लेटर: काम वर-खाली झालेल्या कर्मचाऱ्याला लिहिताना या चुका टाळा

ज्याचं काम पहिल्या दिवसापासून चोख होतं, त्याचं कन्फर्मेशन लेटर कोणीही लिहील. ज्याला कायम करायचंच नाही, त्याचं पत्रही एकदा निर्णय झाला की अवघड नसतं. हात अडखळतो तो मधल्या माणसापाशी. सुरुवात डळमळीत, मध्येच एक महिना फार वाईट, मग हळूहळू घडी बसलेली, आणि प्रोबेशन संपायला आठवडा उरलेला. या माणसाच्या पत्रात त्याच त्या चुका सतत दिसतात, आणि बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: निर्णय पक्का न करता लिहायला बसणं.

‘सुधारणेच्या अटीवर कायम’

सगळ्यात नुकसान करणारी चूक ही. पत्रात असं वाक्य येतं: ‘आपल्या कामात अपेक्षित सुधारणा होण्याच्या अटीवर आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे.’ लिहिणाऱ्याला वाटतं, दोन्ही बाजू सांभाळल्या. प्रत्यक्षात दोन्ही सुटतात. कर्मचारी ‘कायम’ हा शब्द धरून बसतो, मॅनेजर ‘अटीवर’ हा शब्द. सुधारणा किती, कधीपर्यंत आणि ठरवणार कोण, यातलं काहीच पत्रात नसतं. चार महिन्यांनी काम पुन्हा घसरलं की वाद कामावर न होता पत्राच्या अर्थावर होतो. कोणता नोटीस पीरियड लागू, प्रोबेशनमधला की कायम झाल्यानंतरचा? या प्रश्नाचं उत्तर त्या पत्रातून कोणालाच देता येत नाही.

निर्णय तीनच असतात: कायम करणं, प्रोबेशन वाढवणं, किंवा सेवा थांबवणं. पत्र यातल्या एकाच निर्णयाचं असावं. मन खरोखरच होत नसेल तर प्रोबेशन वाढवा, त्यात कमीपणा काही नाही. पण आधी नेमणूकपत्र उघडून वाचा. मुदतवाढीची तरतूद आहे का, जास्तीत जास्त किती महिन्यांची आहे, आणि मुदत संपेपर्यंत पत्र न दिल्यास काय होतं, हे तिथे पाहायचं असतं. काही नेमणूकपत्रांत ‘लेखी कळवेपर्यंत प्रोबेशन चालू राहील’ असं असतं, तर काहींत ‘मुदत संपताच कायम समजले जाईल’. दुसऱ्या प्रकारात तुम्ही विचार करत बसलात तर निर्णय आपोआप होऊन जातो. मुदतवाढीचं पत्र वेगळं असतं. त्यात वाढीचे महिने, नवी शेवटची तारीख आणि कारणं येतात, आणि ते जुनी मुदत संपण्याआधी हातात पडायला हवं.

कायम करायचं ठरलं असेल तर निर्णयाचं वाक्य पहिल्याच परिच्छेदात, स्वतंत्र, विनाअट लिहा. सुधारणेबद्दल जे सांगायचं ते त्याच्या खाली, आणि ‘परंतु’, ‘तथापि’, ‘मात्र’ यांनी निर्णयाला न जोडता.

सगळा हिशेब पत्रातच मांडणं, किंवा काहीच न मांडणं

दुसरी मोठी चूक दोन टोकांची आहे. एक जण जुना टेम्प्लेट उघडतो आणि ‘आपली कामगिरी अत्यंत समाधानकारक आढळली’ हे वाक्य तसंच राहू देतो. ते वाक्य खोटं आहे हे त्याला माहीत असतं आणि कर्मचाऱ्यालाही. पुढच्या वर्षी कामाबद्दल काही बोलायची वेळ आली की हेच वाक्य समोर ठेवलं जातं. दुसरा जण सहा महिन्यांतल्या प्रत्येक चुकीची यादी लिहितो, आणि कन्फर्मेशन लेटरचं ताकीदपत्र होऊन बसतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: हे पत्र कंपनीबाहेर जातं. कर्जाच्या अर्जाला, घर भाड्याने घेताना, पुढच्या नोकरीत कर्मचारी ते दाखवतो. वर्षांनंतर फाइल उघडणाऱ्या नव्या मॅनेजरला मागचं काहीच ठाऊक नसतं. त्यामुळे आकडे आणि तपशील वेगळ्या रिव्ह्यू नोंदीत ठेवा, आणि पत्रात त्या नोंदीचा तारखेसह उल्लेख करा.

उदाहरणच घेऊ. बिलिंग विभागातली एक कर्मचारी 17 जूनला रुजू झाली, प्रोबेशन सहा महिन्यांचं. महिन्याला साधारण 200 बिलं. त्यातली दुरुस्तीसाठी परत आलेली: जुलै 14, ऑगस्ट 9, सप्टेंबर 17, ऑक्टोबर 11, नोव्हेंबर 5. महिनाअखेरचा अहवाल तिसऱ्या कामाच्या दिवशी द्यायचा होता. तो ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा वेळेवर आला, बाकी तिन्ही महिन्यांचा उशिरा.

घाईने लिहिणारा इथे सरासरी काढतो: महिन्याला 11 चुका. ही सरासरी आजच्या कामाबद्दल काहीच सांगत नाही, ती ऑक्टोबरपाशी अडकलेली आहे. सप्टेंबर का बिघडला हे आधी शोधायला हवं. त्या महिन्यात तिच्याकडे वेगळ्या करदराच्या ग्राहकांचा नवा गट आला होता, आणि परत आलेल्या 17 पैकी 12 बिलं त्याच गटातली होती. त्याच गटाची बिलं पुढे ऑक्टोबरमध्ये 6 आणि नोव्हेंबरमध्ये 1 परत आली. म्हणजे तिने नवं काम शिकून घेतलं. कायम करायला हे पुरेसं कारण आहे, आणि ते महिनावार आकड्यांतूनच दिसतं.

अहवालाचं तसं नाही. नोव्हेंबरचा अहवाल वेळेवर आला एवढ्यावर सुधारणा झाली असं म्हणता येत नाही, कारण ऑगस्टचाही वेळेवर आला होता आणि त्यानंतर दोन चुकले. रिव्ह्यू नोंदीत हे असंच लिहायचं: बिलांत सुधारणा दिसते, अहवालाबद्दल अजून सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी ‘एकंदरीत प्रगती चांगली’ या एका शब्दसमूहात कोंबल्या की अहवालाचा मुद्दा तिथेच हरवतो.

या नोंदीवरून पत्राचा मुख्य भाग असा होतो:

‘आपला प्रोबेशनचा कालावधी 16 डिसेंबर रोजी पूर्ण होत आहे. 17 डिसेंबरपासून आपणांस बिलिंग सहायक या पदावर सेवेत कायम करण्यात येत आहे.

प्रोबेशनच्या कालावधीत, विशेषतः सप्टेंबरनंतर, आपल्या बिलांच्या अचूकतेत स्पष्ट सुधारणा झाली आहे. महिनाअखेरचा अहवाल दर महिन्याला ठरलेल्या दिवशी सादर होणे यापुढे अपेक्षित आहे. याबाबत 9 डिसेंबर रोजी आपल्याशी झालेल्या चर्चेची नोंद आपणांस दिलेली आहे. पुढील आढावा 16 मार्च रोजी घेण्यात येईल.’

एवढंच. सुधारणा कशात झाली ते सांगितलं, काय बाकी आहे ते सांगितलं, पुन्हा कधी बोलणार ते सांगितलं. 14, 17 आणि 5 हे आकडे पत्रात नाहीत, ते 9 डिसेंबरच्या नोंदीत आहेत. मार्चमध्ये किती चुका चालतील, अहवाल कोणत्या दिवशी हवा, हेही त्याच नोंदीत. मार्चचा आढावा कायम होण्याची अट नाही. तो नेहमीच्या कामाचा आढावा आहे, आणि तशी शंका येईल असा एकही शब्द पत्रात ठेवू नका. ‘अंतिम संधी’, ‘तूर्तास’, ‘सध्या तरी’ हे शब्द दिसले की खोडा.

स्वभावावर शेरे

‘लक्ष कमी’, ‘आत्मविश्वासाचा अभाव’, ‘बेफिकीर’. हे ना पत्रात, ना नोंदीत. जे मोजता किंवा दाखवता येतं तेवढंच लिहा. ‘अहवाल दोन दिवस उशिरा’ यावर सुधारणा करता येते, ‘बेफिकीर’ यावर फक्त भांडता येतं.

तारखांचा घोळ

17 जूनपासूनचे सहा महिने 16 डिसेंबरला संपतात, 17 ला नाही. कायम झाल्याची तारीख त्याच्या दुसऱ्या दिवसाची. बिनपगारी रजेचे दिवस प्रोबेशनमध्ये वाढवायचा नियम नेमणूकपत्रात असेल तर शेवटची तारीख पुढे सरकते, आणि हे हिशेबात धरायला हमखास विसरलं जातं. पत्राची तारीख आणि कायम झाल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पत्रात दोन्ही स्पष्ट हव्यात. उशीर झाला असेल तर पत्रावर आजचीच तारीख टाका आणि ‘17 डिसेंबरपासून’ असं लिहा. मागची तारीख टाकून सही करू नका. ईमेलची वेळ आणि पत्रावरची तारीख जुळली नाही की सगळ्या फाइलवरचाच विश्वास उडतो.

सवय म्हणून सांगायचं तर मुदत संपायच्या 30 दिवस आधी मॅनेजरकडून लेखी मत मागवा, आणि किमान आठवडाभर आधी कर्मचाऱ्याशी बोला. ‘शेवटच्या दिवशी पाहू’ म्हणणाऱ्यांकडूनच ते ‘अटीवर कायम’वालं पत्र येतं.

पत्र आधी, बोलणं नंतर

अहवालाबद्दलची अपेक्षा कर्मचाऱ्याला पहिल्यांदा पत्रातून कळता कामा नये. आधी बोलणं, मग नोंद, मग पत्र. हा क्रम उलटला की कायम झाल्याचा आनंद बाजूला राहतो आणि माणूस ते एक वाक्य घेऊन बसतो.

पुढची आश्वासनं

‘अशीच प्रगती राहिल्यास लवकरच बढती’ हे वाक्य चांगल्या मनाने लिहिलेलं असतं. तरीही काढा. तुम्हाला जे देण्याचा अधिकार नाही ते पत्रात देऊ नका.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

नोटीस पीरियड, रजा किंवा इतर सवलती कायम झाल्यावर बदलत असतील तर नेमका बदल लिहा, ‘कंपनीच्या नियमांनुसार’ म्हणून सोडू नका. काहीच बदलत नसेल तर नेमणूकपत्रातल्या बाकी अटी तशाच राहतील असं एक वाक्य पुरे. पगारवाढ असेल तर तिचं पत्र वेगळं. पदाचं नाव नेमणूकपत्राशी अक्षरशः जुळवून पाहा. जुन्या फाइलवरून पत्र केलं असेल तर आधीच्या माणसाचं नाव, पद आणि ‘केला’-‘केली’ शोधून बदला, नजरेवर भरवसा ठेवू नका. दोन प्रती काढा, एकीवर मिळाल्याची सही आणि तारीख घ्या, आणि ती सही निर्णय मान्य असल्याची नसून पत्र मिळाल्याची आहे हे सहीच्या वरच छापा.