माईक हातात आला की सुसाट सुटता? मग या चुका टाळा

सोसायटी, मंडळ, लग्नं, शाळांची गॅदरिंगं, बारा-तेरा वर्षं झाली निवेदन करतोय आणि दर गणपतीत कुणीतरी नवीन पोरगं किंवा पोरगी आदल्या रात्री विचारतं, दादा उद्या माईकवर बोलायचंय, एखादी ट्रिक सांगा ना. आदल्या रात्री ट्रिक नसते रे बाबा, पण निदान या चुका तरी करू नका.

पहिली चूक माझीच. मंडळाच्या माईकवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा एका दमात बोलून गेलो की महाप्रसाद उद्या दुपारी साडेबाराला आहे आज संध्याकाळी नाही सर्वांनी नोंद घ्यावी. संध्याकाळी सातला साठ-सत्तर माणसं मंडपात हजर, काहींच्या हातात डबे, आणि स्वयंपाकाला अजून आचारीसुद्धा आलेला नाही. एक आजी म्हणाल्या, "तूच तर म्हणालास ना रे, आज संध्याकाळी!" बरोबरच होतं त्यांचं. मराठीत सगळी भानगड वाक्याच्या शेवटी असते, आहे का नाही, होणार का रद्द, हे शेवटच्या शब्दात कळतं आणि घाबरलेला माणूस नेमका तोच शब्द गिळतो, कारण तोवर दम संपलेला असतो आणि डोकं पुढच्या वाक्यात गेलेलं असतं. त्यात भोंग्याचा आवाज समोरच्या बिल्डिंगवर आपटून परत येतो, म्हणजे तुमचं "नाही" आणि तुमचंच "सर्वांनी" एकमेकांवर चढतात.

तेव्हापासून माझी सवय अशी की शेवटच्या रांगेतलं एक माणूस पकडायचं, वाक्याचा शेवटचा शब्द त्याला सांगायचा आणि तो पोचल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही. आणि "नाही" असेल तर ती बातमी आधी सांगायची: आज महाप्रसाद नाही. // महाप्रसाद उद्या, / दुपारी साडेबाराला.

या तिरक्या रेघा मी खरंच पेन्सिलीने कागदावर मारतो. एक रेघ म्हणजे मनात "एक" म्हणेपर्यंत थांबणं, दोन रेघा म्हणजे श्वास. आता दुसरी चूक इथेच होते, लोक रेघा कुठेही मारतात, म्हणजे जिथे दम संपला तिथे. परवा एका मुलीने वाचलं, "पाककला स्पर्धा शाळेच्या / हॉलमध्ये पावसामुळे / घेण्यात येणार आहे". ऐकणाऱ्याला वाटलं शाळेचीच काहीतरी स्पर्धा आहे, आणि पावसामुळे स्पर्धा घेतायत. तिला म्हटलं चा-ची-चे-च्या वर कधी थांबायचं नाही, तो शब्द पुढच्याचा हात धरून उभा असतो, हात सुटला की अर्थ पडतो. मग असं केलं: पावसामुळे / पाककला स्पर्धा / शाळेच्या हॉलमध्ये होणार आहे. // वेळ तीच, / दुपारी अडीच. प्रत्येक तुकडा एकटा ऐकला तरी डोळ्यासमोर काहीतरी उभं राहतं, एवढीच परीक्षा. "पण", "आणि", "म्हणून" यांच्या आधी थांबा, "की" मात्र मागच्या तुकड्याला चिकटवा आणि त्याच्यानंतर थांबा, लिहिताना स्वल्पविराम कुठे का देईनात.

"हळू बोल" हा सल्ला सगळ्यात निरुपयोगी. पोरं मग श..ब्द.. ताणतात, झोपेत बोलल्यासारखं वाटतं आणि दोन मिनिटांत परत गाडी सुटते. शब्दांचा वेग नेहमीचाच ठेवा, तुकड्यांच्या मधे जागा ठेवा.

कच्चा पापड पक्का पापड म्हणून सराव करणारे पण भेटतात. जीभ सुटते त्याने मान्य, पण तुमची तर आधीच सुटलेली आहे!

पाठ करू नका, पाढे म्हटल्यासारखं होतं.

सुरू करायच्या आधी छाती भरभरून श्वास घेतात, ती पण चूकच. भीतीने आधीच श्वास वरवर चाललेला असतो, त्यात अजून भरला की पहिलं वाक्य फुग्यासारखं सुटतं. आधी तोंडाने सगळा सोडा, मग आत जाईल तेवढा जाऊ द्या आणि पहिला शब्द उच्चारा.

थांबलं की लोकांना वाटेल विसरला, असं सगळे म्हणतात. मोबाईलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, तुम्हाला जी जागा तासभर वाटली होती ती जेमतेम सेकंदाची निघते. फक्त थांबताना मान वर ठेवा, लोकांकडे बघा. कागदात डोकं घालून थांबलात तर साऊंडवाला समजतो माईक गेला आणि तो येऊन वायर हलवायला लागतो, माझ्याबरोबर दोनदा झालंय.