कापड दुकानासाठी माणूस नेमताना: जाहिरात आणि मुलाखतीचे प्रश्न

अमळनेरला आमचे कापडाचे दुकान आहे. सासऱ्यांच्या हातून ते माझ्याकडे आले, तेव्हा माणूस नेमण्याची पद्धत म्हणजे ओळखीच्या कोणाला तरी "एखादा मुलगा असला तर पाठवा" असे सांगणे, एवढीच होती. पहिल्यांदा मी जाहिरात दिली तीही त्याच वळणाची होती : "कापड दुकानात कामासाठी हुशार, होतकरू व प्रामाणिक मुलगा पाहिजे. पगार योग्यतेनुसार." दोन दिवस फोन वाजत राहिला, आणि जवळजवळ प्रत्येकाने पगार किती, वेळ काय आणि सुट्टी कधी, हेच तीन प्रश्न विचारले. त्यातून नेमलेला मुलगा कामाला चांगला होता. मात्र रविवारी दुकान उघडे असते हे त्याला रुजू झाल्यावर कळले आणि ऐन लगनसराईत, आखाजीच्या आठवडाभर आधी तो सोडून गेला. त्याचा दोष मला आजही वाटत नाही, कारण जे सांगायला हवे होते ते मीच सांगितलेले नव्हते.

त्या जाहिरातीतला एकही शब्द तपासता येण्याजोगा नव्हता. "हुशार" आणि "प्रामाणिक" वाचून कोणीही मागे हटत नाही, कारण आपण तसे नाही असे कोणालाच वाटत नसते. म्हणून पुढच्या वेळी मी आधी वही घेऊन बसले आणि दुकानातला माणूस दिवसभरात प्रत्यक्ष काय करतो ते लिहून काढले. सकाळी तागे पुसून मांडणे, गिऱ्हाइकाला साड्या उघडून दाखवणे आणि पुन्हा घडी घालणे, कापड मोजून कापणे, बिलाची बेरीज करणे, आलेला माल चलनाशी ताडून घेणे, एवढी ती कामे होती. गल्ला मीच सांभाळते, त्यामुळे तो यादीत आला नाही. या यादीतून जाहिरात तयार झाली :

"अमळनेर येथील कापड दुकानासाठी विक्री सहायक (स्त्री किंवा पुरुष, वय १८ पूर्ण) पाहिजे. काम : साड्या व कापड दाखवणे, मोजून कापणे, घड्या घालणे, माल तपासून घेणे. मराठी लिहिता-वाचता यावे, अहिराणी समजावी, मीटर व रुपयांचा हिशेब करता यावा. अनुभव आवश्यक नाही. वेळ सकाळी १०.३० ते सायंकाळी ७.३०, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. रविवारी काम, साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. पगार दरमहा १५,००० रुपये. दुपारी २ ते ४ या वेळेत दुकानात येऊन भेटावे."

यातली प्रत्येक ओळ अनुभवातून आलेली आहे. "मुलगा" हा शब्द गेला, कारण आमच्याकडे साड्या घेणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि ते काम मुलानेच करावे याला काही आधार नव्हता. अहिराणी बोलता यावी असे लिहिले नाही, समजावी असे लिहिले. खेड्यावरून आलेली आजी "हाई कितलाले शे?" असे विचारते तेव्हा सहायकाने गोंधळू नये, एवढीच अपेक्षा आहे. दुकान रात्री साडेआठपर्यंत उघडे असते, तरी सहायकाची वेळ साडेसातपर्यंतच ठेवली. जेवणाचा तास वगळता रोजचे आठ तास आणि सहा दिवसांचे ४८ तास होतात. महाराष्ट्राच्या दुकानांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात आठवड्याची मर्यादा तेवढीच आहे, आणि आमच्यासारख्या लहान दुकानाला तो पूर्णपणे लागू होत नसला तरी माप म्हणून मी तेच धरते. पगाराचा आकडा लिहिण्यापूर्वी त्या वेळच्या किमान वेतनाचा दर पाहून घ्यावा, आणि आकडा लिहावाच. तो लिहिल्यावर आमच्याकडे फोन निम्म्याने कमी झाले, पण जे आले ते काम समजून आले.

मुलाखतीचे प्रश्न मी याच जाहिरातीतून काढते. आपल्याकडे सवयीने पहिला प्रश्न "कुठले? कोणाचे?" असा येतो, पुढे नातेगोते निघते, चहा येतो आणि कामाचे काहीच विचारले जात नाही. तो प्रश्न मी बंद केला. त्याऐवजी सगळ्यांना विचारते, "साडेदहाला दुकानात पोहोचायला कसे याल, आणि साडेसातनंतर घरी कसे जाल?" गावाचे नाव कळण्यापेक्षा शेवटची बस किती वाजता आहे हे कळणे जास्त उपयोगाचे असते. लग्न, मूलबाळ, जात यांविषयी विचारत नाही, कारण त्या उत्तरांनी कापड सरळ कापले जात नाही.

हिशेब तोंडी विचारण्यापेक्षा कागद आणि पेन्सिल देऊन करायला सांगावा. माझे उदाहरण ठरलेले आहे. पँटचे कापड ४५० रुपये मीटरचे, १.२० मीटर घेतले. शर्टाचे १८० रुपये मीटरचे, २.२५ मीटर घेतले. गिऱ्हाइकाने १,००० रुपये दिले, तर परत किती? पहिले ५४०, दुसरे ४०५, एकूण ९४५ आणि परत ५५. उत्तर येताच मी पुढे म्हणते, "आता गिऱ्हाईक म्हणते, ९०० मध्ये करा. तुम्ही काय कराल?" मला हवे ते उत्तर या दुसऱ्या भागात असते. जो स्वतःच सूट देऊन मोकळा होतो, त्याला भाव ठरवण्याचा अधिकार कोणाचा हे शिकवावे लागते. जो नुसते "नाही" म्हणतो, तो गिऱ्हाईक तोडतो. "मालकीणबाईंना विचारून सांगतो, तोवर बसा" असे म्हणणारा कामाचा.

एकदा शेवटी दोघे उरले. एकाला साडीच्या दुकानातला पाच वर्षांचा अनुभव होता आणि बोलणे सफाईदार होते. दुसरी बारावी झालेली मुलगी होती. तिने बचत गटाच्या स्टॉलवर पापड आणि मसाले विकले होते. दोघांनाही विचारले, "वीस साड्या पाहून काही न घेता गिऱ्हाईक उठले, तर काय चुकले असेल?" त्याने सांगितले की अशा बायकांना घ्यायचेच नसते आणि ते बघताक्षणी ओळखता येते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वीस उघडण्याआधी कोणासाठी घ्यायची आणि साधारण किती रुपयांपर्यंत हवी, हे विचारायचे राहिले असेल." हिशेबाला तिला त्याच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला होता, पण बेरीज तिने पुन्हा तपासली होती. मी तिला नेमले. हिशेबाचा वेग तीन आठवड्यांत आला. मीटरपट्टीवर कापड ओढून मोजण्याची तिची सवय जायला मात्र दोन महिने लागले. ताणून मोजलेले कापड सोडल्यावर आखडते आणि शिंप्याकडून तक्रार येते. ही गोष्ट मुलाखतीत तोंडी विचारून कळत नाही, त्यासाठी हातात कापड द्यावे लागते.

म्हणून आता प्रश्नांनंतर प्रत्येकाला दहा मिनिटे गादीवर बसवते. एक साडी उघडून दाखवून पुन्हा घडी घालायची आणि एका कटपीसमधून सव्वादोन मीटर मोजून खूण करायची, एवढेच काम देते. पूर्ण दिवस पाहायचे असेल तर त्या दिवसाची मजुरी देते. फुकट राबवून घेतलेल्या माणसाने आठवडे बाजारात आपल्या दुकानाविषयी काय सांगावे, हे आपल्या हातात राहत नाही.

उमेदवार दुकानाची पायरी उतरला की लगेच प्रत्येक प्रश्नापुढे त्याचेच शब्द वहीत लिहून ठेवावेत. संध्याकाळपर्यंत थांबले तर शेवटी आलेला माणूसच लक्षात राहतो. आधारकार्ड किंवा गुणपत्रिका पाहून त्याच वेळी परत द्यावी, मूळ कागद अडकवून ठेवू नयेत. ज्यांना घेतले नाही त्यांना मी दोन दिवसांत फोन करते. त्या अनुभवी उमेदवाराला केला, तेव्हा त्याने कारण विचारले आणि मी साड्यांच्या प्रश्नाचे सांगितले. तो हसून म्हणाला, "ताई, आमच्या जुन्या मालकांनीच तसे शिकवले होते."