कपड्यावर मेण सांडलं? मशीनच्या आधी इस्त्री काढा

३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला किंवा म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला मेणबत्ती लावून घरी आलं की कुडत्याच्या बाहीवर हमखास एखादा थेंब सापडतो. तो कुडता तसाच मशीनमध्ये टाकू नका. साबणाने मेण विरघळत नाही. गार पाण्यात ते जागचं हलत नाही आणि ६० अंशांच्या धुलाईत वितळून इतर कपड्यांवर पसरतं.

समजा, पांढऱ्या सुती कुडत्यावर लाल मेणबत्ती ओघळली आहे. ओलं मेण पुसू नका, पुसल्याने ते धाग्यांत मुरतं. आपल्याकडच्या दमट उकाड्यात ते नीट कडकही होत नाही. म्हणून कुडता पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. मग चमच्याच्या बोथट कडेने मेण उचलून काढा. सुरी नको, सूत तुटतं.

आता उरतो तो धाग्यांत बसलेला तेलकट डाग. उजेडासमोर धरलं की तेवढीच जागा पारदर्शक दिसते. डागाच्या खाली आणि वर साधा खाकी कागद किंवा टिश्यू ठेवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई कपड्याला लागते. वाफ बंद करून मंद इस्त्री काही सेकंद दाबा, घासू नका. कागदावर तेलकट ठिपका उमटेल. मेण वितळून कागदात शिरतंय, हे त्यावरून कळतं. प्रत्येक वेळी कागदाचा कोरा भाग सरकवा. तो न सरकवता इस्त्री फिरवत राहिलात, तर निघालेलं मेण परत कपड्यात जातं, आणि डाग मोठा होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कोऱ्या कागदावर काहीच उमटेनासं झालं की थांबा.

मेण गेलं तरी लाल रंग राहू शकतो. कपडा गार झाल्यावर कापसाने थोडं स्पिरिट टिपा, पण आधी आतल्या शिवणीवर लावून कपड्याचा रंग सुटत नाही ना, ते बघा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस आणि देवापुढची समई दूर असू द्या, आणि ते पूर्ण उडेपर्यंत इस्त्री लावू नका. मग भांड्यांचं लिक्विड चोळून कपडा धुवा. डाग गेल्याची खात्री होईपर्यंत पुन्हा इस्त्री नको.

नायलॉन, जरी आणि मखमल यांना ही रीत लावू नका. ते कपडे सरळ ड्रायक्लीनिंगला द्या.

च्युइंगगमला फक्त फ्रीझरचा भाग लागू होतो. उष्णतेने ते चिकट होऊन आत शिरतं, त्यामुळे इस्त्री अजिबात नको. पाण्यात मिसळणारा रंग सांडला तर उलट, वाळूच देऊ नका: लगेच कपड्याच्या मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा. ऑइल पेंटला टर्पेंटाइन लागतं, आणि त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत तो कपडा मशीनमध्ये किंवा ड्रायरमध्ये घालू नका, आग लागण्याचा धोका असतो.