पीएचडीच्या व्हायवात पहिली तीन मिनिटं काय बोलायचं

व्हायवाची तारीख आली की सगळे पीपीटीच्या मागे लागतात, साठ स्लाइड, प्रत्येक प्रकरणाची एक एक, आणि सुरुवात काय करायची ते मात्र त्या दिवशी सकाळी ठरवतात. मी पण तेच केलं होतं. उभी राहिले, "पहिल्या प्रकरणात प्रस्तावना आहे, दुसऱ्या प्रकरणात साहित्याचा आढावा आहे" असं सुरू केलं, आणि चौथ्या मिनिटाला एक्स्टर्नल सरांनी हात वर करून विचारलं की यात तुमचं नवीन काय आहे. उत्तर माझ्याकडे होतं हो, पण ते पाचव्या प्रकरणात होतं आणि मी अजून दुसऱ्यातच होते.

तेव्हा आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तीन मिनिटांत पीएचडी म्हटलं की सगळ्यांना ती थ्रीएमटी स्पर्धा आठवते, २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात सुरू झालेली, एकच स्लाइड आणि तीन मिनिटं. पण तिथे समोर विषय माहीत नसलेले लोक असतात आणि व्हायवात समोर बसलेल्या परीक्षकाने तुमचा थीसिस वाचलेला असतो, त्यावर रिपोर्टही दिलेला असतो. आपल्याकडे यूजीसीच्या नियमानुसार बाहेरच्या परीक्षकांचे रिपोर्ट समाधानकारक असतील आणि त्यात व्हायवा घ्यावी असं म्हटलेलं असेल तरच व्हायवा होते. म्हणजे तुम्हाला त्यांची उत्सुकता वाढवायची नाहीये, मजेशीर किस्सा सांगायचा नाहीये. तीनशे पानांमधलं नेमकं कुठलं वाक्य तुमचं स्वतःचं आहे त्यावर बोट ठेवायचंय.

ते वाक्य आधी शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, मी म्हणेन दोन-तीन दिवस द्या. एक उदाहरण घेऊ, यातले आकडे फक्त समजावण्यापुरते धरलेत. समजा थीसिस भूजलावर आहे, दख्खनच्या बेसाल्ट खडकातल्या विहिरींवर. विद्यार्थ्याला विचारलं तुझं योगदान काय, तर तो म्हणतो "मी बेसाल्ट प्रदेशातल्या विहिरींच्या पाणीपातळीचा भूशास्त्रीय घटकांच्या संदर्भात अभ्यास केला." हे योगदान नाही, हे काम आहे. ओळखायचं कसं? तेच वाक्य त्याच डिपार्टमेंटमधल्या दुसऱ्या कुणाच्या थीसिसला लावून बघा, लागू पडलं तर ते तुमचं नाही. आणि "अभ्यास केला", "आढावा घेतला", "प्रकाश टाकला" यातलं काही आलं तर खोडाच.

त्याऐवजी वाक्य दोन भागात लिहा, आधी काय धरून चालायचे आणि आता काय कळलं. जसं की, "विहीर जितकी खोल तितकं पाणी जास्त टिकतं असं धरून चालतात, पण या पाणलोटात पाणी टिकणं विहिरीच्या खोलीवर नाही तर विहीर दोन लाव्हा थरांमधला सांधा कापते की नाही यावर ठरतं असं मला आढळलं." बघा, आता याच्याशी कुणी वाद घालू शकतं. वाद घालता येत नसेल असं वाक्य असेल तर अजून सापडलेलं नाही असं समजा. पहिल्या भागात मात्र "आजवर कुणीच अभ्यास केलेला नाही" असं लिहू नका, समोरच्या माणसाने स्वतःच त्यावर पेपर लिहिलेला असू शकतो.

मग त्या वाक्याभोवती तीन मिनिटं बांधा

मी स्वतः सावकाश बोलताना मिनिटाला साधारण १०५ शब्द बोलते, म्हणजे तीन मिनिटांत तीनशेच्या थोडं वर. तुम्ही तुमचा वेग मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजा, कारण टेन्शनमध्ये तो वाढतो. अध्यक्ष, गाइड, परीक्षक यांना नमस्कार वगैरे या तीन मिनिटांत धरू नका, आणि आभार शेवटी ठेवा.

पहिलं अर्धं मिनिट अडचणीला. "एकाच गावात शेजारी शेजारी दोन विहिरी, दोन्ही साधारण बारा मीटर खोल, एक फेब्रुवारीत आटते आणि दुसरीला एप्रिलमध्ये पाणी असतं. असं का?" एवढंच, डेक्कन ट्रॅपची सगळी माहिती द्यायची गरज नाही. त्यानंतर लगेच ते योगदानाचं वाक्य, पहिलं मिनिट संपायच्या आत.

दुसरं मिनिट पुराव्याला, आणि इथेच लोक घसरतात कारण आपल्याला मेहनत दाखवायची असते, कुठली उपकरणं वापरली, किती वेळा फील्डला गेलो. मेथड दोन वाक्यांत सांगा आणि एकच तुलना द्या. "एका ओढ्याच्या पाणलोटातल्या ४२ विहिरींची पातळी मी तीन वर्षं दर महिन्याला मोजली आणि प्रत्येक विहिरीच्या भिंतीत खडकाचे थर नोंदवले. सांधा कापणाऱ्या १९ विहिरी होत्या, त्यातल्या १५ विहिरींना तिन्ही वर्षं एप्रिलमध्ये पाणी होतं. न कापणाऱ्या २३ पैकी फक्त दोनच विहिरींना होतं. दोन्ही गटांची सरासरी खोली जवळजवळ सारखीच आहे." शेवटचं वाक्य सोडू नका, खोली हे कारण नाही हे त्याच वाक्याने कळतं आणि परीक्षकाच्या मनात नेमका तोच प्रश्न आलेला असतो. टक्केवारी, पी-व्हॅल्यू, बाकीचे सोळा तक्ते नंतर पीपीटीत येतीलच.

शेवटचं मिनिट मर्यादेला. हे ऐकून माझ्या ज्युनियर घाबरतात, आपली कमतरता आपणच कशाला सांगायची म्हणून. पण परीक्षकाच्या रिपोर्टमध्ये ती बहुतेक वेळा आधीच लिहिलेली असते, आणि व्हायवात त्या रिपोर्टमधल्या मुद्द्यांवर बोलणं अपेक्षितच असतं, त्यामुळे रिपोर्ट हातात मिळाले असतील तर हा भाग लिहिण्याआधी परत वाचा. आपल्या उदाहरणात, "ही तिन्ही वर्षं सरासरी पावसाची होती. दुष्काळी वर्षात हा सांधा किती साथ देतो हे माझ्या नोंदींवरून सांगता येत नाही. आणि हा एकच पाणलोट आहे, दुसरीकडे थरांची जाडी वेगळी असेल तर परत मोजावं लागेल." इथे थांबायचं. "तरीसुद्धा हे संशोधन धोरणकर्त्यांना उपयुक्त ठरेल" हे वाक्य जोडू नका, लगेच कुठल्या धोरणकर्त्याला असं विचारतात.

मर्यादेवर थांबलं की पहिला प्रश्न बहुधा तिथूनच येतो, दुष्काळी वर्षाचं काय वाटतं वगैरे, आणि त्याचं उत्तर तुम्ही घरून तयार करून आणलेलं असतं.

मोठ्याने वाचून बघा

लिहिलेलं आणि बोललेलं वेगळं पडतं. "उपरोक्त", "सदर संशोधनात", "च्या अनुषंगाने" जिथे जिथे जीभ अडखळते तिथे साधा शब्द घाला. थीसिस इंग्रजीत असेल आणि व्हायवा इंग्रजीतच द्यायची असेल तरी आधी एकदा मराठीत सांगून बघा, कारण मराठीत गाडी अडली की तो मुद्दा आपल्यालाच नीट कळलेला नाही हे पटकन समजतं. मग विषयाबाहेरच्या पण शिकलेल्या एका माणसाला ऐकवा आणि अर्ध्या तासाने विचारा की मी काय शोधलं. तो "विहिरींबद्दल काहीतरी" म्हणाला तर योगदानाचं वाक्य उशिरा आलंय किंवा लांब झालंय. "खोलीने नाही, सांध्याने पाणी टिकतं" असं म्हणाला तर झालं.

आणि एक कराच, ही तीन मिनिटं टायटल स्लाइडवरच बोला, स्लाइड बदलू नका. वेळ कमी आहे, थोडक्यात सांगा असं अध्यक्ष ऐनवेळी म्हणतात, प्रोजेक्टर बंद पडतो, आणि तेव्हा पडद्यावर काहीच नसलं तरी हे तसंच्या तसं बोलता येतं.