डीएनपीचा वितळणबिंदू फसवतो तेव्हा

आमच्या गडचिरोलीकडच्या कॉलेजात गेल्या पावसाळ्यात एका पोरीने अनोळखी द्रवापासून केलेलं डीएनपी, म्हणजे अल्डिहाइड किंवा कीटोन ओळखायला २,४-डायनायट्रोफिनिलहायड्राझिन या अभिकर्मकाने बनवलेला घन पदार्थ, २२९ ते २३४ अंशांत वितळलं. तिने तक्त्यात त्या आकड्याचं नाव शोधायला घेतलं. म्हटलं, थांब, तक्त्याआधी तुझी पूड बघ. गाळणकागदावरच्या नारिंगी पुडीचा अजून गोळा होत होता. ओल किंवा आम्ल राहिलं की बिंदू खाली येतो अन् टप्पा पसरतो. म्हणून अवक्षेप आधी थंड पाण्याने, मग थोड्या थंड अल्कोहोलने धुवायचा. पुनःस्फटिकीकरणाला नुसत्या अल्कोहोलात तो नीट विरघळत नाही, म्हणून थोडं इथाइल अॅसिटेट घाला. मग पूर्ण वाळवा.

तिचं नंतर २३७ ते २३८ आलं. पण खरी गंमत पुढेच आहे. बेंझाल्डिहाइड आणि अॅसिटोफिनोन, दोघांचीही डीएनपी याच्या आसपासच वितळतात. म्हणून खात्रीच्या बेंझाल्डिहाइडचं डीएनपी करून दोन्ही पुडी समसमान घोटल्या. तिची, खात्रीची अन् मिश्र, अशा तीन केशनलिका एकाच थर्मामीटरला बांधून लिक्विड पॅराफिनात बुडवल्या अन् शेवटी मिनिटाला दोन अंशांच्या वेगाने तापवलं. मिश्रण इतर दोघांच्या दहाएक अंश आधीच ओघळलं, म्हणजे पदार्थ वेगळा. मूळ द्रवाला आयोडोफॉर्मचा पिवळा अवक्षेप आला, तेव्हा अॅसिटोफिनोन ठरलं.

लिक्विड पॅराफिन एवढ्या तापमानाला धुरतं, खिडकी उघडी ठेवा. आणि डायनायट्रोफिनिलहायड्राझिनची बाटली कोरडी पडू देऊ नका, त्या अभिकर्मकाची सुकी पूड स्फोटक असते.